खोक्यावरचा आकडा आणि घरातला वेग

डोंबिवलीतले दोन खोल्यांचे एक घर डोळ्यांपुढे आणा. बाहेरच्या खोलीत वायफायचा जुना राउटर आहे, आत झोपायची खोली, मध्ये विटांची भिंत. इंटरनेटची योजना सेकंदाला १०० मेगाबिटची. पण संध्याकाळी आतल्या खोलीत मोबाइलच्या पदरी जेमतेम पंचवीस पडतात. गृहस्थ वैतागून सहाव्या पिढीचा राउटर आणतात. खोक्यावर ठळक छापलेले असते: AX3000. आता वेग तीसपट होणार काय?

हे ३००० आले कोठून? राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्टीवर कमाल ५७४ मेगाबिट, ५ गिगाहर्ट्‌झवर २४०२. छापणाऱ्याने बेरीज करून हात थोडा सैल सोडला. परंतु मोबाइल सहसा एका वेळी एकाच पट्टीवर असतो, आणि बहुतेक मोबाइल तिथला निम्माच रुंदावा वापरतात. म्हणजे उरले १२०१. तसलाच मोबाइल पाचव्या पिढीत ८६७ पर्यंत जाई. वाढ सुमारे १.४ पट, आणि तीही मोबाइल स्वतः सहाव्या पिढीचा असेल तर. शिवाय नव्या पिढीने एका खेपेत ८ ऐवजी १० बिट भरण्याची जी युक्ती काढली, तिला साद फार स्वच्छ लागते. राउटर समोर असेल तोवर ती साधते. भिंतीआड मोबाइल निमूटपणे जुन्या चालीवर येतो.

आणि मुळात योजनाच शंभराची! स्थानकावरचा पूल रुंद केला, पण जिना अरुंदच ठेवला, तर गर्दी जिन्याच्याच चालीने उतरणार.

तरीही या घरी आतल्या खोलीत वेग नव्वदीला पोचतो, आणि गृहस्थ पिढीचे गुण गातात. खरे कारण निराळे आहे. त्यांचा जुना राउटर केवळ २.४ च्या पट्टीवर बोलणारा होता. तिथे एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा तीनच. १, ६ आणि ११. इमारतीतले सारे शेजारी त्याच तीन वाटांवर, आणि एका वाटेवर एका वेळी एकानेच बोलायचे. नव्या राउटरने मोबाइलला ५ च्या मोकळ्या पट्टीवर नेले. पाचव्या पिढीच्या स्वस्त राउटरनेही या घरी हेच केले असते. मात्र ही पट्टी भिंतींना लवकर हार जाते. तीन भिंतींपलीकडे पिढी बदलण्यापेक्षा तार नेऊन दुसरा राउटर बसवावा.

खरेदीपूर्वी एक करून पाहावे. संगणक राउटरला तारेने जोडून वेग मोजावा, मग त्याच खोलीत मोबाइलवर, मग आत. तारेवर पुरा आणि आत अर्धा असेल, तर दोष वायफायचा. पण योजना ३०० ची असून तारेवरच ९४ च्या आसपास अडकत असेल, तर राउटरची किंवा संगणकाची खाच जुन्या, शंभराच्या जातीची आहे, अथवा तारेतला एखादा धागा तुटला आहे. तार बारा-पंधरा रुपये मीटर की काय ते दुकानात विचारावे. आधी तीच बदलून पाहावी.