दहा बाय अकराची बेडरूम आणि चित्रातलं ऊन

पुण्यात घर बघताना खोलीच्या आधी तिचं रेंडर दिसतं, म्हणजे संगणकावर तयार केलेलं चित्र. दहा बाय अकरा फुटांची बेडरूम त्यात हॉलएवढी वाटते. मापं खरी असतात, फसवते ती लेन्स.

अशी एक खोली घेऊ. पश्चिमेच्या दहा फुटी भिंतीत कपाट बसवलं की त्याची खोली दोन फूट, म्हणजे उरली नऊ फूट. साडेसहा फूट लांबीचा पलंग पूर्वेच्या भिंतीला टेकवला, तर कपाटापुढे अडीच फूट राहतात. दीड फुटी शटर उघडल्यावर उभं राहायला फूटभरच जागा उरते, म्हणून इथे सरकतं दार हवं. ज्या चित्रात उघडणारी शटरं दाखवूनही पुढे ऐसपैस जागा दिसते, तिथे एक तर पलंग आखूड केलेला असतो, नाहीतर लेन्स फार रुंद.

कपाटाला पाठ टेकून नऊ फुटांवरची दहा फुटी भिंत कडेपासून कडेपर्यंत टिपायला साधारण 32 मिमीची लेन्स पुरते. बाजूच्या भिंतीही दाखवायच्या, तर 24 मिमी चालून जाते. 16 मिमीला मात्र दृश्याचा कोन 97 अंशांपर्यंत जातो आणि चौकटीच्या डाव्या-उजव्या कडेला ठेवलेला चेंडू दीडपट लांबट दिसतो. लबाडी पकडायची तर कडेचा गोल दिवा किंवा उशी पाहावी. सॉफ्टवेअरमध्ये मागची भिंत काढून कॅमेरा खोलीबाहेरही नेता येतो. अशा चित्रात प्रमाणं बिघडत नाहीत, पण तिथे उभं राहून खोली कुणालाच बघता येणार नाही.

आता ऊन. खिडकी एकच, दक्षिणेला; तळ तीन फुटांवर, माथा सात फुटांवर. पुण्याचा अक्षांश सुमारे साडेअठरा अंश असल्याने 21 डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य 48 अंश उंचीवर असतो. छज्जा नसेल, तर जमिनीवर ऊन सव्वासहा फूट आत पोचतं. दीड फूट उंचीच्या, मधोमध ठेवलेल्या पाच फुटी पलंगावर ते जेमतेम निम्म्यापर्यंत येतं. जूनच्या दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, तेव्हा या खिडकीतून थेट ऊन येतच नाही. उत्तरेच्या खिडकीचं उलट: मे महिन्यातल्या शून्य सावलीच्या दिवसापासून जुलैअखेरच्या तशाच दिवसापर्यंतच दुपारचं ऊन त्या बाजूने येऊ शकतं.

खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात जो उजेड पोचतो, तो बहुतेक भिंतींवरून उसळून आलेला. पांढरा रंग सुमारे 80 टक्के प्रकाश परतवतो. तीन उसळ्यांनंतरही निम्मा शिल्लक राहतो. 40 टक्के परतवणाऱ्या गडद लॅमिनेटवर तो सहा टक्क्यांवर येतो. म्हणून गडद कपाट असूनही कोपरा लख्ख दिसला, तर छतापाशी लपवलेला दिवा असल्याचा संशय घ्यावा. पलंगाखालची सावली खिडकीच्या उलट दिशेला न पडता चहूबाजूंनी सारखी पुसट असेल, तर तो संशय बळावतो.

घर बघायला जाताना टेप आणि होकायंत्र बरोबर असू द्या, आणि रेंडर कोणत्या लेन्सचं, कोणत्या महिन्याचं ते विचाराच.