भाजणीचा हिशेब: फायदा दाखवणारी तफावत

थालीपीठाची भाजणी विकणारा एखादा लघुउद्योग घ्या. तिथे शंभर किलो कच्च्या मालाचे प्रमाण ठरलेले असते. समजा, बाजरी ५० किलो, हरभरा डाळ ३०, उडीद डाळ १० आणि धणे १०. हिशेबात धरलेले भाव किलोला अनुक्रमे ३०, ७०, १०० आणि ८० रुपये. या मालाची किंमत झाली ५,४०० रुपये. भाजताना पाणी उडते, दळताना थोडे पीठ वाया जाते, म्हणून उतारा ९० किलो धरलेला. म्हणजे तयार भाजणीला मालाचा प्रमाण खर्च किलोमागे ६० रुपये.

आता एका घाण्यात हजार किलो माल गेला, पण डाळ कमी पडली म्हणून बाजरी वाढवली: बाजरी ५६०, हरभरा डाळ २६०, उडीद डाळ ९० आणि धणे ९० किलो. भाजणी निघाली ८८० किलो.

ठरलेल्या भावाने या मालाची किंमत ५१,२०० रुपये होते. ठरल्या प्रमाणात हजार किलो घेतले असते, तर ५४,००० लागले असते. हा २,८०० रुपयांचा फरक म्हणजे मिश्रणाची तफावत, आणि ती अनुकूल आहे. उताऱ्याची तफावत मात्र प्रतिकूल: ९०० ऐवजी ८८० किलो, म्हणून २० किलो गुणिले ६०, म्हणजे १,२०० रुपये. दोन्ही मिळून १,६०० रुपये वाचल्याचे दिसते. बाजारभावातला चढउतार यात मुळीच नाही. तो भावाच्या तफावतीत वेगळा धरतात, म्हणूनच इथे ठरलेलेच भाव वापरायचे.

हे सोळाशे रुपये पाहून समाधान मानणे धोक्याचे आहे. उडदाच्या डाळीने पिठाला चिकटपणा येतो. ती कमी झाली की थालीपीठ थापताना कडेला चिरते. ही तक्रार हिशेबाच्या कोणत्याही रकान्यात उमटत नाही, पुढच्या महिन्याच्या विक्रीत उमटते. मिश्रणाची अनुकूल तफावत दिसली की त्या घाण्याचे थालीपीठ करून पाहणे म्हणूनच भाग आहे.

उताऱ्यातले वीस किलो कुठे गेले, हा खरा शोधाचा भाग. धान्यात नेहमीपेक्षा दोन टक्के ओल जास्त असेल, तर हजार किलोत वीस किलो पाणीच जास्त येते आणि कढईत उडून जाते. तसे असेल तर दोष भाजणाऱ्याचा नाही, ओला माल घेणाऱ्या खरेदीचा आहे. पण आच जास्त लागून भाजणी करपली, किंवा चक्कीत पीठ अडकून राहिले, तरी आकडा तोच दिसतो. वजन फक्त सुरुवातीला आणि शेवटी घेतले तर ही कारणे वेगळी काढता येत नाहीत. भट्टीवर जाण्यापूर्वी, भाजून गार झाल्यावर आणि दळणानंतर असे तीनदा वजन घेतले, आणि माल उतरवतानाच त्याची ओल मोजली, तर घट भट्टीवर झाली की चक्कीवर, हे त्याच दिवशी कळते. पावसाळ्यात ९० किलोंचा उतारा मुळातच मिळत नसेल, तर त्या महिन्यांसाठी प्रमाणच वेगळे ठरवावे लागते.