नंबर एक, पाळ्या तीन

रात्री दोनला उसाची ट्रॉली रस्त्यात फसली, की माणूस हाताशी असेल तो नंबर फिरवतो. मग शेतकी विभागातल्या एखाद्याचा घरचा नंबर गावभर होतो. त्याला झोप नाही, अन् तो रजेवर गेला की आपल्याला उत्तर नाही.

यावर तोड म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्रणेतून चालणारा कार्यालयाचा नंबर. त्यात पाळीचं वेळापत्रक भरायचं. समजा, सकाळी ८ ते ४ शेतकी कार्यालय, ४ ते १२ गटातला माणूस, १२ ते ८ वजनकाट्यावरचा कारकून. २० सेकंदांत कुणी उचलला नाही, तर फोन पुढच्या माणसाकडे जातो. आपल्याला ठाऊक राहतो तो कार्यालयाचाच नंबर.

खरी गफलत होते ती उलटा फोन लावताना. मिस्ड कॉल पाहून कारकुनाने स्वतःच्या मोबाईलवरून सरळ फोन केला, की त्याचा नंबर उघडा पडला. म्हणून तोही यंत्रणेतूनच लावायचा. ती आधी कारकुनाचा फोन वाजवते, मग आपला जोडते, आणि आपल्याला कार्यालयाचा नंबर दिसतो. व्हॉट्सॲपवर मात्र हे झाकण नाही. तिथं स्वतःच्या खात्यावरून उत्तर दिलं की नंबर गेलाच.

पारख सोपी आहे. पाळी बदलायच्या पाच मिनिटं आधी आणि नंतर बाहेरच्या फोनवरून नंबर लावून बघा. दोन्ही वेळा एकाचाच फोन वाजला, तर वेळापत्रक चुकलं. कुणाचाच वाजला नाही, तर दोन पाळ्यांमध्ये फट राहिली.