क्रेडिट आले, ग्रेड मागेच राहिली

अमेरिकेत पदवीची चारही वर्षे एकाच विद्यापीठात काढली पाहिजेत असे नाही. पहिली दोन वर्षे घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात कमी फीमध्ये करायची आणि उरलेली दोन राज्याच्या विद्यापीठात, ही तिथली रुळलेली वाट आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या, भारतीय वस्ती दाट असलेल्या गावातली मुलेही मिडलसेक्स कॉलेजातून रटगर्स विद्यापीठात अशीच जातात. पहिल्या सत्राचा निकाल लागला की मात्र घरात विचारणा सुरू होते: आधीचे एवढे चांगले गुण गेले कुठे?

ते कुठेही गेलेले नसतात, फक्त सरासरीत धरलेले नसतात. विषय बदलून घेताना विद्यापीठ एवढेच तपासते, की बाहेर शिकलेला विषय आपल्याकडच्या विषयाच्या तोडीचा आहे का, आणि त्यात साधारणपणे ‘सी’ किंवा त्याहून चांगली ग्रेड आहे का. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या की त्या विषयाचे क्रेडिट मिळते. ग्रेड मात्र दुसऱ्या कॉलेजातल्या प्राध्यापकांनी, त्यांच्या मापाने दिलेली असते. तिची हमी विद्यापीठ घेत नाही. त्यामुळे बाहेरून आलेला ‘ए’ आणि बाहेरून आलेला ‘सी’ इथे सारखेच: दोघांचे क्रेडिट पदवीत जमा, दोघांचा सरासरीत वाटा शून्य.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सायलीने कम्युनिटी कॉलेजात 60 क्रेडिट केले, तिथला जीपीए 3.60. सगळे क्रेडिट विद्यापीठाने मान्य केले. पहिल्या सत्रात तिने तीन-तीन क्रेडिटचे पाच विषय घेतले आणि ग्रेड आल्या ए, बी, बी, सी, सी. ‘ए’चे 4, ‘बी’चे 3, ‘सी’चे 2 गुण, प्रत्येकाला तीन क्रेडिटने गुणून बेरीज केली की 42 होते. 42 भागिले 15, म्हणजे 2.80. विद्यापीठाच्या गुणपत्रकावर तिचे एकूण क्रेडिट 75 दिसतील आणि एकत्रित जीपीए 2.80.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, 3.60 आणि 2.80 यांची मधली संख्या काढून 3.20 म्हणणे. दुसरी, 42 ला 75 ने भागणे, त्यातून 0.56 असा काहीतरीच आकडा निघतो. गुणपत्रकावर मिळवलेले क्रेडिट आणि जीपीएसाठी धरलेले क्रेडिट बहुधा वेगवेगळे छापलेले असतात. भागाकार दुसऱ्या आकड्याने करायचा.

याचा खरा परिणाम असा, की तिसऱ्या वर्षाला बसलेल्या मुलीची सरासरी पहिल्या वर्षाच्या मुलीइतकीच हलकी असते. जुने 60 क्रेडिट तिला धरून ठेवत नाहीत. दुसऱ्या सत्रात सायलीने 15 क्रेडिटवर 51 गुण मिळवले, म्हणजे 3.40, की तिचा जीपीए 93 भागिले 30, म्हणजे 3.10 वर जातो. एका सत्रात एवढी चढण शक्य होते, तशी घसरणही. पहिलेच सत्र बिघडून आकडा 2.00 च्या खाली गेला, तर मागचे 3.60 असूनही प्रोबेशनची नोटीस येऊ शकते.

पुढचे गणितही बदलते. पदवीला 120 क्रेडिट लागतात, तेव्हा सायलीकडे उरले 30. शेवटी 3.50 हवे असेल तर विद्यापीठातल्या 60 क्रेडिटवर 210 गुण पाहिजेत. 93 झालेत, राहिले 117. म्हणजे उरलेल्या वर्षात सरासरी 3.90 हवी. जुने गुण धरले असते तर 3.70 पुरले असते.

नियमाची दुसरी बाजू नापास झालेल्यांना उशिरा कळते. विद्यापीठात एखाद्या विषयात ‘एफ’ मिळाला आणि उन्हाळ्यात तोच विषय कम्युनिटी कॉलेजात ‘ए’ घेऊन पुरा केला, तर पदवीची अट भागते. पण बऱ्याच विद्यापीठांत तो ‘एफ’ सरासरीत तसाच राहतो, कारण बाहेरच्या ‘ए’ला तिथे शिरताच येत नाही. सरासरी सुधारायची असेल तर विषय त्याच विद्यापीठात पुन्हा घ्यावा लागतो, आणि तिथला पुनर्परीक्षेचा नियम आधी वाचावा लागतो.

जुन्या ग्रेड कायमच्या मिटतात असेही नाही. अमेरिकेत वकिलीच्या किंवा वैद्यकीय शिक्षणासाठी अर्ज करताना केंद्रीय अर्ज-यंत्रणा सगळ्या कॉलेजांची गुणपत्रके मागवून आपला वेगळा जीपीए काढते. त्यांच्या हिशेबात सायलीचे कम्युनिटी कॉलेजातले 216 गुणही येतात, आणि वर्षअखेरीस 3.10 ऐवजी साधारण 3.43 दिसते. म्हणून अर्जात कुठला आकडा मागितला आहे ते पाहावे, आणि बायोडेटात दोन्ही जीपीए त्या-त्या संस्थेच्या नावापुढे वेगळे लिहावेत.