घडीचा फोन घेताय? आधी मिटून बघा

दुकानात घडीचा फोन बघायला गेलं की विक्रेता तो लगेच उघडून हातात देतो. मोठा पडदा उजळतो, मधल्या घडीवरून बोट फिरवून बघितलं जातं आणि बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो. पण घरी आल्यावर हा फोन दिवसातला बराच वेळ मिटलेलाच असतो, खिशात, पर्समध्ये किंवा टेबलावर. मेसेज आला, फोन वाजला, भाजीवाल्याला पैसे द्यायचे झाले, तर हातात येतो तो मिटलेला फोन. म्हणून या फोनची पारख मिटलेल्या अवस्थेत करायला हवी. फ्लिप आणि फोल्ड या दोन जातींमधला खरा फरक तिथेच कळतो.

फ्लिप आडवा दुमडतो. उघडला की नेहमीच्या मोठ्या फोनएवढा, मिटला की जवळपास चौकोनी. फोल्ड पुस्तकासारखा उभा उघडतो. मिटलेला असताना तो साध्या फोनसारखा दिसतो आणि उघडल्यावर लहान टॅबलेटएवढा होतो. म्हणजे एक फोन जागा वाचवतो, तर दुसरा पडदा वाढवतो. दोन्ही प्रकार एकाच कंपनीचे आणि एकाच वर्षीचे घेतले तर तुलना सोपी जाते. सॅमसंगने जुलै 2025 मध्ये गॅलेक्सी झेड फ्लिप 7 आणि झेड फोल्ड 7 एकत्रच बाजारात आणले. तेच समोर ठेवू.

किंमत

फ्लिप 7 भारतात आला तेव्हा त्याची किंमत 1,09,999 रुपये होती आणि फोल्ड 7 ची 1,74,999 रुपये. दोन्ही 256 जीबीचे. म्हणजे फरक 65 हजारांचा, आणि तेवढ्यात एक चांगला साधा फोन वेगळा येतो. हा फरक नुसत्या नावाचा नाही. फ्लिपचा आतला पडदा 6.9 इंचाचा आहे, फोल्डचा 8 इंचाचा. आकडे जवळचे वाटतात, कारण इंच कर्णाने मोजतात. क्षेत्रफळ काढलं तर फोल्डचा पडदा फ्लिपच्या पावणेदोनपट तरी भरतो. घडी पडणारी काच हा या फोनमधला सगळ्यात महागडा भाग, आणि फोल्डमध्ये तीच जास्त लागते. त्यावर 6.5 इंचाचा पूर्ण आकाराचा बाहेरचा पडदा आणि जास्त कॅमेरे, असा हिशोब वाढत जातो.

स्वस्तातला घडीचा फोन हवा असेल, तर तो फ्लिपमध्येच मिळतो. मोटोरोलाचा रेझर 60 भारतात 49,999 रुपयांना आला होता. सॅमसंगनेही फ्लिप 7 एफई नावाचा उतरत्या किमतीचा फोन 89,999 रुपयांना आणला. फोल्डमध्ये अशी उतरंड फारशी नाही. विवोचा एक्स फोल्ड 5 सुद्धा 1,49,999 रुपयांनाच आला. या सगळ्या बाजारात येतानाच्या किमती आहेत. सणासुदीला त्या उतरतात, पण दोन जातींमधलं अंतर राहतंच.

खरेदीच्या पावतीवर न दिसणारा एक खर्चही धरायला हवा. आतला पडदा अतिशय पातळ काचेचा असतो आणि त्यावर एक संरक्षक थर असतो. हा थर दुकानातल्या स्क्रीनगार्डसारखा दिसतो, पण तो काढायचा नसतो. त्याची कड सुटायला लागली किंवा घडीपाशी फुगवटा दिसला, तर नखाने ओढू नका, सर्व्हिस सेंटरला न्या. आतला पडदा गेला तर तो बदलणं साध्या फोनच्या पडद्यापेक्षा बरंच महाग पडतं. म्हणून फोन घेतानाच, पडदा फुटल्यावर भरपाई देणाऱ्या योजनेचा हप्ता विचारा आणि तो किमतीतच मिळवून मग दोन फोनांची तुलना करा.

बाहेरचा पडदा

फोल्डच्या बाहेरच्या पडद्याबद्दल आज फार सांगावं लागत नाही. 2019 च्या पहिल्या गॅलेक्सी फोल्डवर तो 4.6 इंचाची अरुंद पट्टी होता आणि त्यावर टाइप करणं जिकिरीचं होतं. फोल्ड 7 चा बाहेरचा पडदा 6.5 इंचाचा आहे. सगळी ॲप त्यावर नेहमीसारखी चालतात, कळफलक नेहमीएवढा येतो. दिवसभर फोन न उघडताही कुठलंच काम अडत नाही.

फ्लिपची गोष्ट वेगळी आहे. 2020 च्या पहिल्या फ्लिपवर बाहेर 1.1 इंचाची खिडकी होती, वेळ आणि कोणाचा फोन आला एवढं दाखवण्यापुरती. फ्लिप 7 वर ती 4.1 इंचाची झाली आणि बाहेरची जवळजवळ सगळी बाजू तिने व्यापली. तरी हा पडदा साधारण 7 सेंटिमीटर रुंद आणि पावणेआठ सेंटिमीटर उंच, म्हणजे जवळपास चौकोनी आहे, आणि त्याच्याच एका कोपऱ्यात कॅमेऱ्याची दोन भिंगं बसलेली आहेत. ओटीपी वाचणं, हवामान बघणं, गाणं बदलणं, अलार्म बंद करणं, रिक्षा कुठवर आली ते पाहणं, ही कामं त्यावर झटक्यात होतात. व्हॉट्सॲपवर ‘निघालो’ एवढं उत्तरही देता येतं. मात्र कळफलक वर आला की पडद्याचा मोठा भाग त्यातच जातो आणि आधीच्या संवादाच्या एकदोन ओळीच दिसतात. मराठीत चार वाक्यं लिहायची तर फोन उघडावाच लागतो.

ॲपच्या बाबतीत कंपन्यांमध्ये फरक आहे. मोटोरोलाच्या रेझरवर बहुतेक ॲप बाहेरच्या पडद्यावर थेट उघडतात. सॅमसंग सुरुवातीला मोजकीच देते. बाकीची हवी असतील तर ‘गुड लॉक’ हे कंपनीचंच ॲप घालून, त्यातल्या ‘मल्टीस्टार’मधून ती बाहेर आणावी लागतात. काम पाच-दहा मिनिटांचं आहे, पण ते माहीतच नसल्याने अनेकांचा बाहेरचा पडदा घड्याळापुरताच उरतो.

आता आपल्याकडे रोज लागणारं एक काम घेऊ. दुकानातल्या क्यूआर कोडवर यूपीआयने पैसे द्यायचे आहेत. फोल्ड मिटलेला असताना पडदा तुमच्याकडे आणि मुख्य कॅमेरे पलीकडे असतात, अगदी साध्या फोनसारखे. ॲप उघडायचं, कोडसमोर धरायचं, रक्कम आणि पिन टाकायचा, झालं. फ्लिप मिटलेला असताना मुख्य कॅमेरे पडद्याच्याच बाजूला असतात, म्हणजे तुमच्याकडे बघत असतात. कोडकडे कॅमेरा वळवला की पडदाही तिकडेच वळतो आणि चौकटीत कोड आला की नाही हे तुम्हाला दिसत नाही. हा दोष ॲपचा नाही, फोनच्या रचनेतलाच आहे. त्यामुळे काउंटरवर दर वेळी फ्लिप उघडावा लागतो, आणि एका हातात पिशवी असेल तर ते सोपं जात नाही.

याच रचनेचा फायदाही होतो. बाहेरच्या पडद्यात स्वतःला बघत मुख्य कॅमेऱ्याने सेल्फी काढता येतो, आणि फोन अर्धवट उघडून टेबलावर उभा केला की तिकाटण्याशिवाय व्हिडिओ कॉल करता येतो. ज्यांना रील करायचे असतात, त्यांना फ्लिप आवडतो तो याचमुळे. फोल्डवरही मुख्य कॅमेऱ्याने सेल्फी निघतो, पण त्यासाठी फोन पूर्ण उघडून उलटा धरावा लागतो.

आलेल्या फोनचंही लक्षात ठेवा. फ्लिपचा कानाला लावायचा स्पीकर घडीच्या आत असतो. बाहेरूनच फोन उचलला तर समोरच्याचा आवाज मोठ्याने सगळ्यांना ऐकू जातो. कानात ब्लूटूथ नसेल तर लोकलच्या डब्यात फ्लिप उघडूनच बोलावं लागेल.

खिसा

फ्लिप छोटा आणि फोल्ड मोठा, असं सगळेच धरून चालतात. मोजपट्टी घेतली की चित्र थोडं बदलतं. मिटलेला फ्लिप 7 साडेआठ सेंटिमीटर उंच, साडेसात सेंटिमीटर रुंद आणि 13.7 मिलिमीटर जाड आहे. मिटलेला फोल्ड 7 जवळपास 16 सेंटिमीटर उंच आणि सव्वासात सेंटिमीटर रुंद, पण जाडी फक्त 8.9 मिलिमीटर. म्हणजे रुंदीत दोघं जवळजवळ सारखे, उंचीत फ्लिप निम्मा आणि जाडीत फ्लिप दीडपट. लांबी-रुंदी-जाडीचा गुणाकार केला तर फ्लिप साधारण 88 घनसेंटिमीटर भरतो आणि फोल्ड 103. उंची निम्मी झाली, तरी एकूण आकार फक्त सातव्या हिश्श्याने कमी झाला.

वजनातही फार अंतर नाही, फ्लिप 188 ग्रॅमचा आणि फोल्ड 215 ग्रॅमचा. सॅमसंगचाच न दुमडणारा एस 25 अल्ट्रा 218 ग्रॅमचा आहे. फोल्ड म्हणजे खिशातली वीट, ही समजूत 2019 साली खरी होती. तो पहिला फोल्ड 276 ग्रॅमचा होता आणि मिटल्यावर दीड सेंटिमीटरहून जाड होता. आता तसं राहिलेलं नाही.

मग निवड खिशावर ठरते. खिसा उथळ असेल तर फ्लिपला तोड नाही. कुर्तीचा लहान खिसा, हातातली छोटी पर्स, शर्टाचा वरचा खिसा, या सगळ्यांत तो पूर्ण आत जातो आणि वाकल्यावर सहज घसरत नाही. फोल्ड शर्टाच्या खिशातून वर डोकावतो. पण घट्ट जीन्सच्या पुढच्या खिशात उलटं होतं. तिथे खोली असते, जाडीला जागा नसते. फ्लिपचा उंचवटा बसताना मांडीला टोचतो, तर पातळ फोल्ड साध्या फोनसारखा सरकून बसतो. दोघांनाही कव्हर घातलं की जाडी आणखी वाढते, हेही धरा.

खिशातली धूळ हा या फोनचा खरा शत्रू आहे. दोन्ही फोन आयपी 48 दर्जाचे आहेत. यातला 8 हा आकडा पाण्याचा. पावसात भिजले तरी चालतं. पण 4 चा अर्थ एवढाच, की एक मिलिमीटरहून मोठे कण आत जाणार नाहीत. बारीक वाळू, कपड्याचे तंतू, पिठासारखी धूळ बिजागरीत शिरू शकते. उघडताना कचकच असा आवाज आला किंवा फोन पूर्वीसारखा सपाट उघडेनासा झाला, तर ती आत गेल्याची शक्यता धरा. जोर लावू नका, फोन दाखवून घ्या. किनाऱ्यावर, बांधकामाच्या जागी किंवा गिरणीत काम असेल, तर सध्या साधा फोनच बरा.

मग कोणता घ्यावा?

रोज तासभर तरी पीडीएफ, एक्सेलचे तक्ते, ई-पेपर किंवा दोन ॲप शेजारीशेजारी ठेवून काम करत असाल, तरच फोल्डचे जास्तीचे 65 हजार वसूल होतात. चित्रपटांसाठी म्हणून तो घेऊ नका. त्याचा आतला पडदा जवळपास चौकोनी असल्याने रुंद चित्राच्या वर-खाली काळे पट्टे येतात. तशी कामं नसतील, खिसा उथळ असेल आणि फोटो-व्हिडिओची आवड असेल, तर फ्लिप घ्या. त्यातही एक लाखाचा घेण्याआधी पन्नास हजारांचा हाताळून बघा. दुकानात गेलात की फोन मिटवा, स्वतःच्या खिशात घालून खुर्चीवर बसा, मग बाहेरच्या पडद्यावरून एक मेसेज लिहा आणि काउंटरवरचा क्यूआर कोड स्कॅन करून बघा. या तीन गोष्टी तुमच्या मनासारख्या झाल्या, तरच फोन उघडून दाखवायला सांगा.