ओळींच्या क्रियांनी व्यस्त मॅट्रिक्स

तीन ओळी व तीन स्तंभांच्या मॅट्रिक्सचा व्यस्त काढण्यासाठी तिच्या शेजारी एकक मॅट्रिक्स लिहितात:

```
१ १ १ | १ ० ०
१ २ २ | ० १ ०
१ २ ३ | ० ० १
```

आता डाव्या बाजूला एकक मॅट्रिक्स आणायची. प्रत्येक क्रिया रेघेपलीकडील आकड्यांसह पूर्ण ओळीवर करायची. प्रथम दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीतून पहिली ओळ वजा करावी:

```
१ १ १ |  १ ० ०
० १ १ | -१ १ ०
० १ २ | -१ ० १
```

तिसरीतून दुसरी वजा केल्यावर तिसरी ओळ ० ० १ | ० -१ १ होते. मग पहिलीतून दुसरी आणि शेवटी दुसरीतून नवी तिसरी वजा करावी:

```
१ ० ० |  २ -१  ०
० १ ० | -१  २ -१
० ० १ |  ०  -१  १
```

उजवीकडे व्यस्त मिळाला. पडताळ्यासाठी मूळ मॅट्रिक्सला त्याने गुणावे. मूळची तिसरी ओळ १, २, ३ घेऊन व्यस्ताच्या तिन्ही स्तंभांशी गुणल्यास २−२+०=०, −१+४−३=० आणि ०−२+३=१ येते; म्हणजे एकक मॅट्रिक्सची तिसरी ओळच. उरलेल्या दोन ओळीही अशाच तपासाव्यात. एखाद्या जागी वेगळा आकडा आला, तर वजाबाकीतले चिन्ह बहुधा चुकलेले असते. डावीकडे पूर्ण शून्यांची ओळ आली, तर त्या मॅट्रिक्सला व्यस्तच नसतो.