कोपर वाकलं की हात बारीक का होतो?

पंगतीत बसलेला मुलगा घास उचलतो आणि तोंडात घालतो. पाहणाऱ्याला या दृश्यात अवघड काही दिसत नाही. त्रिमितीय अ‍ॅनिमेशन करणाऱ्याची मात्र इथेच परीक्षा असते. घास तोंडाशी नेताना कोपर सुमारे १२० अंशांपर्यंत वळतं. तोच मुलगा उकिडवा बसला तर गुडघा १५० अंशांच्या आसपास जातो. खुर्चीवर बसलेल्या पात्राच्या गुडघ्याचं काम ९० अंशांत भागतं, म्हणून तिथे निभावून जाणारा सांधा आपल्याकडच्या बैठकीत उघडा पडतो. कोपराचं टोक आत बसतं, हात मधोमध चेपतो आणि मांडी पोटरीच्या आरपार जाते.

असं दिसलं की नवशिक्या कलाकाराचा हात आधी ब्रशकडे जातो. वेट नीट रंगवलेलं नसेल, असं त्याला वाटतं. तासन्‌तास रंगवूनही कोपर भरून येत नाही, कारण हात बारीक होण्याचं मूळ रंगात नसून संगणक त्वचा वाकवण्यासाठी जे गणित करतो त्यात आहे. ते गणित एकदा समजलं की कोणतं काम ब्रशचं आणि कोणतं नाही, हे कळतं.

ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरचं उदाहरण घेऊ. पात्राचं शरीर म्हणजे बिंदूंनी विणलेली एक पोकळ जाळी, तिला मेश म्हणतात. तिच्या आत हाडांचा सांगाडा बसवायचा, म्हणजे रिगिंग. दंडाचं हाड `upper_arm.L` आणि कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड `forearm.L`. जाळीच्या प्रत्येक बिंदूने कोणत्या हाडाचं किती ऐकायचं, हे शून्य ते एक या आकड्यात ठरतं. हा आकडा म्हणजे वेट. पडद्यावर शून्य निळं आणि एक लाल दिसतं, अधले आकडे हिरव्या-पिवळ्या छटांत. वेट ब्रशने भरता येतं म्हणून या कामाला वेट पेंटिंग म्हणतात.

आता कोपराच्या टोकावरचा एक बिंदू पाहा. त्याचं निम्मं वेट दंडाला आणि निम्मं पुढच्या हाताला दिलं आहे. हात १२० अंशांत वाकला की संगणक त्या बिंदूच्या दोन जागा काढतो. तो पूर्णपणे दंडाचा असता तर कुठे राहिला असता ही एक, आणि पूर्णपणे पुढच्या हाताचा असता तर कुठे फिरून गेला असता ही दुसरी. मग या दोन जागांना जोडणाऱ्या सरळ रेषेच्या मध्यावर तो बिंदू ठेवला जातो. खऱ्या कोपराची कातडी सांध्याभोवती कमानीतून फिरते, संगणकाचा बिंदू मात्र कमान सोडून आडवाटेने जातो आणि सांध्याच्या जवळ येतो. बागेतली पाण्याची नळी वाकवताना मधोमध चेपते, तसंच हे दिसतं.

किती जवळ येतो, हे शाळेतल्या त्रिकोणमितीने काढता येतं. मूळ अंतराला वळणाच्या निम्म्या कोनाच्या कोसाइनने गुणायचं. हात १० सेंटिमीटर जाड आणि सांधा बरोबर मध्यावर असेल, तर कोपराचं टोक सांध्यापासून ५ सेंटिमीटरवर असतं. ९० अंशांना ते अंतर साडेतीन सेंटिमीटर उरतं आणि १२० अंशांना अडीच. वेट ०.५ ऐवजी ०.७ किंवा ०.८ केलं तर बिंदू त्याच सरळ रेषेवर एका टोकाकडे सरकतो, पण रेषा जागेवरच राहते. खड्डा थोडा वर किंवा खाली जातो, भरत नाही. ब्रशची मर्यादा ती ही.

म्हणून पहिला उपाय रंगवण्याच्या आधीचा आहे. सांध्याची जागा हाताच्या मध्यावर न ठेवता कोपराच्या टोकाकडे सरकवायची. टोकापासून सांध्याचं अंतर ५ ऐवजी ३ सेंटिमीटर ठेवलं, तर १२० अंशांना दीड सेंटिमीटरच जातात. मध्यावरच्या सांध्यात अडीच गेले असते. गुडघ्यात हाच सांधा पुढे, वाटीकडे सरकवायचा. याची किंमतही आहे: सांधा बाहेर गेला की आतल्या बाजूला दंड आणि पुढचा हात एकमेकांत जास्त घुसतात. पण बाहेरची कडा प्रेक्षकाला थेट दिसते, आतली घडी बहुतेक झाकलेली राहते. साध्या पात्रासाठी हा सौदा फायद्याचा आहे.

सांगाडा बसवतानाच आणखी एक गोष्ट साधून घ्यावी. कोपर आणि गुडघा मूळ स्थितीतच ज्या दिशेला वळायचे त्या दिशेला किंचित वाकलेले ठेवावेत. पुढे पाऊल ओढलं की गुडघा आपोआप वळेल अशी आयकेची साखळी लावली, तर संगणकाला वळण्याची दिशा या किंचित बाकावरून कळते. पाय अगदी ताठ असेल तर गुडघा कोंबडीसारखा मागे वळण्याचीही शक्यता असते.

दुसरी तयारी जाळीची. वाकण्याच्या जागी हाताभोवती बिंदूंची किमान तीन कडी हवीत. एक सांध्यावर, एक त्याच्या वर आणि एक खाली, प्रत्येकी दोन-तीन सेंटिमीटरच्या अंतराने. अशा कड्याला लूप म्हणतात आणि ते `Ctrl+R` ने घालता येतं. एकच लूप असेल तर कोपर कागदासारखं मोडतं. कोपराच्या बाहेरच्या बाजूला कातडी ताणली जाते, तिथे बिंदू जास्त लागतात. आतल्या बाजूला ती गोळा होते, तिथे कमी बिंदू असलेलेच बरे.

मग सांगाडा आणि जाळी जोडायची. आधी `Ctrl+A` ने स्केल पक्कं करावं, मग जाळी आणि नंतर सांगाडा निवडून `Ctrl+P` दाबावं आणि `With Automatic Weights` घ्यावं. हाडातून उष्णता पसरावी तसं वेट जाळीवर पसरतं. ही पद्धत इल्या बारान आणि योवान पोपोविच यांनी २००७ साली मांडली. एकावर एक पडलेले दुहेरी बिंदू किंवा फाटकी जाळी असेल तर ती अडते आणि ब्लेंडर `Bone Heat Weighting` असफल झाल्याचा संदेश देतं. अशा वेळी `Merge by Distance` ने दुहेरी बिंदू काढले की बहुतेकदा काम होतं.

आपोआप मिळालेलं वेट सुरुवातीला ठीक असतं, पण सांध्याशी ते फार लांबवर पसरलेलं असतं. हात रबरी नळीसारखा गोल वाकतो, कोपर कुठे आहे तेच कळत नाही. इथे ब्रश फिरवण्यापेक्षा आकडे टाइप करणं जास्त स्वच्छ. एडिट मोडमध्ये `Alt` धरून लूपवर क्लिक केलं की ते सबंध निवडलं जातं. सांध्यावरच्या लूपला दोन्ही हाडांचं ०.५ द्यावं. दंडाकडच्या लूपला दंडाचं ०.८५ आणि पुढच्या हाताचं ०.१५, मनगटाकडच्या लूपला याच्या उलट. त्यापलीकडे सरळ एक आणि शून्य. आतल्या घडीच्या बाजूला मात्र शेजारच्या दोन्ही लूपांचे बिंदूही जवळजवळ एक-शून्यच ठेवावेत, म्हणजे घडी ठळक पडते आणि मांस वितळल्यासारखं दिसत नाही.

ब्रशचं खरं काम यानंतर येतं, ते म्हणजे भरकटलेलं वेट शोधणं. टाइमलाइनवर पहिल्या फ्रेमला हात सरळ, विसाव्या फ्रेमला ९० अंश आणि चाळिसाव्या फ्रेमला १२० अंश असं ठेवावं. मग वेट पेंट मोडमध्येच टाइमलाइन पुढे-मागे ओढत पाहावं. डावा गुडघा वाकला आणि उजव्या मांडीची कातडी हलली, तर तिथे डाव्या हाडाचं वेट सांडलं आहे. एखादा बिंदू हवेत जागच्या जागी राहिला आणि कातडीतून काटा ओढल्यासारखा दिसला, तर त्याला कोणत्याच हाडाचं वेट मिळालेलं नाही. `Auto Normalize` सुरू ठेवलं तर रंगवताना प्रत्येक बिंदूची बेरीज एकच राहते. एक हाड वाढवलं की दुसरं आपोआप कमी होतं.

एवढं करूनही उकिडव्या बैठकीतला गुडघा पुरता सुधारत नाही. १५० अंशांना मूळ अंतराचा जेमतेम चौथा हिस्सा उरतो. सांधा पुढे सरकवून वाटीपासून ४ सेंटिमीटरवर आणला तरी शेवटी एकच सेंटिमीटर राहतो. इथे दोन वाटा आहेत.

एक वाट सोपी. आर्मेचर मॉडिफायरमध्ये `Preserve Volume` ही खूण करायची. त्यामागचं तंत्र लादिस्लाव कावान आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलं. त्यात बिंदू सरळ रेषेऐवजी कमानीवरून फिरतो, त्यामुळे अंतर टिकतं. पण सांधा बाहेरून थोडा फुगतो, आणि ही खूण ब्लेंडरच्या बाहेर जात नाही. पात्र गेमसाठी असेल तर गेम इंजिन सहसा सरळ रेषेचंच गणित करतं आणि चेपलेला गुडघा तिथे पुन्हा दिसतो.

दुसऱ्या वाटेला मेहनत जास्त, पण निकाल हातात राहतो. गुडघा १५० अंशांत वाकवायचा, नवी शेप की घ्यायची आणि त्या वाकलेल्या स्थितीतच आकार दुरुस्त करायचा. वाटी बाहेर ओढायची, मांडी आणि पोटरी जिथे एकमेकांत घुसतात तिथे दोन्ही सपाट करून एकमेकांना टेकवायच्या. मग ही दुरुस्ती गुडघ्याच्या कोनाला बांधायची, म्हणजे ९० अंशांपर्यंत ती शून्य राहील आणि १५० ला पूर्ण लागेल. शेप कीच्या ड्रायव्हरमध्ये नडगीच्या हाडाचं `Local Space` मधलं `X Rotation` घेऊन त्या चलाला `knee` नाव दिलं, तर सूत्र असं होतं:

```
min(max((knee - 1.57) / 1.05, 0), 1)
```

ब्लेंडर इथे कोन रेडियनमध्ये मोजतं. १.५७ म्हणजे ९० अंश, आणि त्यापुढचे ६० अंश म्हणजे १.०५. हाड उलट दिशेला फिरत असेल तर `knee` च्या आधी उणे चिन्ह लावावं. शेप की गेम इंजिनमध्येही नेता येते. ड्रायव्हर मात्र सोबत जात नाही, कोनाशी असलेली ही गाठ तिथे पुन्हा बांधावी लागते.

हे सगळं कपडे चढवण्याच्या आधी तपासावं. सदरा आणि चड्डीचं वेट बहुधा शरीरावरूनच उतरवून घेतलं जातं. नंतर सांधा अर्धा सेंटिमीटर हलवला तरी शरीर, कपडे आणि शेप की या तिन्हींचं काम पुन्हा करावं लागतं. तेव्हा नुसत्या, बिनकपड्यांच्या जाळीलाच आधी जेवायला बसवून पाहा, उकिडवं बसवून पाहा, आणि गुडघा पटला की मगच शिंप्याचं काम हाती घ्या.